वाफ दाखवायची कशी? सहावीच्या एका पाठाच्या नोंदी

७ जुलै

सहावीला पदार्थाच्या अवस्था याच महिन्यात घ्यायच्या आहेत. स्थायू, द्रव, वायू आणि बर्फ, पाणी, वाफ या जोड्या मुलांना खालच्या वर्गांपासून पाठ आहेत. त्याच परत म्हणून घ्यायच्या असतील तर पाठाची तयारी कशाला करायची? म्हणून आज शेवटच्या तासाची दहा मिनिटं घेऊन कोऱ्या कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहून घेतली. नाव घालायचं नाही आणि पुस्तक उघडायचं नाही, एवढ्या दोनच अटी.

पहिला प्रश्न: पाणी खळाखळा उकळताना बुडबुडे येतात, त्यांच्या आत काय असतं? दुसरा: चहाच्या पातेल्यावर पांढरं पांढरं दिसतं ते स्थायू, द्रव की वायू? तिसरा: बर्फाचं पाणी भरलेल्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं, ते येतं कुठून?

कागद घरी आणून वाचले. बुडबुड्यांत बहुतेकांनी हवा भरली आहे. काहींनी ऑक्सिजन, दोघा-तिघांनी "गरमी". पाण्याची वाफ लिहिणारे अगदी थोडे. पातेल्यावरचं पांढरं म्हणजे वायू, यावर जवळजवळ सगळ्यांचं एकमत. पेल्याबद्दल मात्र कल्पनाशक्ती चांगलीच चालली आहे: "थंडपणा बाहेर येतो", "पेल्यातून पाणी पाझरतं", "बर्फ वितळल्यावर पाणी जास्त होतं आणि बाहेर पडतं". एका कागदावर लिहिलंय, "माठासारखं."

हा शेवटचा कागद बाजूला काढून ठेवला आहे.

९ जुलै

तिन्ही प्रश्नांत मुलं अडतात ती एकाच जागी. बर्फ आणि पाणी दिसतं, हाताला लागतं. पाण्याची वायू अवस्था दिसतच नाही. जे दिसत नाही त्याच्या जागी मुलं ओळखीचं काहीतरी आणून बसवतात. बुडबुड्यात हवा बसवतात आणि पांढऱ्या ढगाला वायू ठरवतात. पेल्याच्या बाबतीत तर हवेत पाणी असेल ही शंकाच येत नाही, त्यामुळे ते पाणी पेल्याच्या आतूनच यावं लागतं.

ही काही आपल्याच मुलांची गंमत नाही. न्यूझीलंडमधल्या ऑसबोर्न आणि कॉसग्रोव्ह या दोघांनी मुलांना नेमकं हेच विचारलं होतं. त्यांचा अभ्यास १९८३ साली छापून आला. तिथल्या मुलांनीही बुडबुड्यांत हवा, उष्णता, ऑक्सिजन-हायड्रोजन असंच सांगितलं होतं, आणि वरच्या वर्गांतल्या मुलांकडूनही हीच उत्तरं आली होती. म्हणजे वय वाढल्यावर हे आपोआप सुटत नाही.

तेव्हा पाठाचा विषय कागदोपत्री "अवस्था" असला तरी जोडतासाचं काम एकच: पाण्याची वायू अवस्था न दिसताही आहे, हे मुलांना स्वतः ताडून पाहता यावं. बर्फ वितळण्याला पाच मिनिटांपेक्षा जास्त देणार नाही, ते त्यांना येतं.

माठाचा कागद परत वाचला. पोरगं चुकीचं बोलत नाहीये. माठ खरंच पाझरतो. घरात रोज पाहिलेलं त्याने पेल्याला लावलं. "नाही रे, ते हवेतलं पाणी असतं" एवढं सांगून हे उत्तर हलणार नाही, कारण त्याच्यापाशी पुरावा आहे आणि माझ्यापाशी फक्त वाक्य. त्यामुळे माठ आणि पेला दोन्ही वर्गात न्यायचे आणि वजन करायचं. पाझरून पाणी उडत असेल तर भांडं हलकं होत जाईल. बाहेरून येऊन बसत असेल तर जड होईल. आतलं पाणी नुसतं बाहेर येऊन तिथेच थांबत असेल तर वजन जिथल्या तिथे राहील. तीन अंदाज, तीन वेगळे निकाल. सहावीच्या मुलांना हे झेपतं.

११ जुलै

वजनाच्या प्रयोगाची चाचणी. शाळेच्या मागच्या खोलीत, पंखा चालू. बाहेर पाऊस धरलेला, हवा दमट.

आधी काचेचा पेला घेतला होता. बाहेर थेंब भरपूर आले, पण स्वयंपाकघरातला वजनकाटा एक ग्रॅमच्या खाली काही दाखवत नाही आणि पेल्यावर दहा मिनिटांत जेमतेम तेवढंच पाणी जमतं. आकडा कधी हलतो, कधी नाही. मुलांपुढे असा प्रयोग म्हणजे वादाला आमंत्रण. सोन्याच्या दुकानातला बारीक काटा मिळाला असता तर पेला चालला असता. तो नाही, म्हणून भांडंच मोठं केलं: लिटरभराचा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. त्याचा पत्रा पेल्याच्या तिप्पट तरी भरतो, त्यामुळे पाणीही त्या मानाने जमतं.

डब्यात अर्धा बर्फ, अर्धं पाणी. पाण्यात लाल खायचा रंग. झाकण घट्ट. डबा बाहेरून कोरडा पुसला आणि स्टीलच्या ताटलीत ठेवून ताटलीसकट काट्यावर ठेवला. ताटली हवीच, कारण थेंब ओघळून खाली जातात. ते काट्याच्या काचेवर सांडले आणि कोणी पुसले की सगळा हिशोब गेला.

सुरुवातीला ११४६ ग्रॅम. पाच मिनिटांत डबा झाकणापर्यंत घामेजला. वीस मिनिटांनी ११५० ग्रॅम. ताटलीत ओघळलेलं पाणी पांढऱ्या कागदी रुमालाने टिपलं, लाल डाग नाही.

शेजारी तसाच दुसरा डबा साध्या पाण्याचा ठेवला होता. तो कोरडा राहिला आणि त्याचं वजन ग्रॅमभरही हललं नाही. हा दुसरा डबा पाठात ठेवायचाच, नाहीतर "काटाच बिघडलाय" म्हणणारा एक तरी निघतो.

एक सूचना वहीत ठळक करून ठेवतो: हा प्रयोग पावसाळ्याचा. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की बर्फाच्या डब्यालाही पाणी सावकाश सुटतं, आणि वीस मिनिटांत काट्यावर काही दिसेल याची खात्री नाही. उन्हाळ्यात घ्यायचा झाला तर सकाळच्या तासाला आणि भरपूर बर्फ घालून.

१२ जुलै

कुंभारवाड्यातून बिनरंगाचं, न भाजल्यासारखं दिसणारं पण चांगलं भाजलेलं सुगड आणलं. संक्रांत नसताना सुगड मागितल्यावर कुंभारकाकांनी विचारलंच, "आत्ता काय पुजताय?" शाळेत पाणी पाझरून दाखवायचंय म्हटल्यावर त्यांनी ढिगातलं एक निवडून, टिचकी मारून दिलं. वर सांगितलं, "रंग देऊ नका, तेल लावू नका. भोकं बुजतात."

नवं सुगड आधी तासभर पाण्यात बुडवून ठेवावं लागतं. कोरडी माती सुरुवातीला स्वतःच पाणी पिते. तोंडावर ताटलीचं झाकण ठेवलं, म्हणजे वरून उडालेलं पाणी हिशोबात येणार नाही. या दमट हवेत बाहेरचं पाणी लवकर वाळत नाही, त्यामुळे अर्ध्या तासात काट्यावर फार काही दिसलं नाही. पंख्याखाली तीन तास ठेवल्यावर आठ ग्रॅमनी हलकं झालं. तेव्हा ठरलं: शाळा भरल्या भरल्या मुलांनीच सुगडाचं वजन करून फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं आणि शेवटच्या जोडतासाला परत करायचं.

दोन्ही भांडी बाहेरून ओली. एक हलकं होत गेलं, एक जड. माठवाल्याला त्याचं अर्धं उत्तर बरोबर म्हणून देता येईल.

१४ जुलै

आज बुडबुडे. या पाठातला सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडलेला भाग.

बुडबुड्यात हवा नाही, पाण्याचीच वाफ आहे, हे दाखवायला हवा आणि वाफ ज्या बाबतीत वेगळ्या वागतात ती गोष्ट हवी. ती म्हणजे गार पाणी. हवेचा बुडबुडा गार पाण्यात सोडला तर वर येऊन फुटतो. वाफेचा बुडबुडा गार पाण्यात सोडला तर वर यायच्या आतच त्याचं पाणी होतं, म्हणजे तो नाहीसा होतो.

मांडणी अशी: २५० मिलीचा शंकूच्या आकाराचा चंबू, त्यात फक्त ५० मिली पाणी. जास्त घातलं तर स्पिरिटच्या दिव्यावर उकळायलाच अर्धा तास जातो. तोंडाला एका भोकाचं रबरी बूच, त्यात काटकोनात दोनदा वाकवलेली काचनळी. नळीचं दुसरं टोक शेजारच्या चंचुपात्रात, २०० मिली गार पाण्यात, साधारण तीन सेंटिमीटर खोल. चंबू तिवईवर तारेच्या जाळीवर, आणि मान स्टँडच्या चिमट्यात पकडलेली.

दिवा लावल्यावर लगेचच नळीतून बुडबुडे यायला लागतात आणि सरळ वर येऊन फुटतात. ही चंबूतली हवा, तापून फुगलेली. पाणी अजून उकळलेलंही नाही. चंबूच्या आतल्या भिंतीवर बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात, तीही हवाच, पाण्यात विरघळलेली. म्हणजे "हवा" लिहिणाऱ्या मुलांनी घरी पातेल्यात जे पाहिलं असेल त्याची सुरुवात खरंच हवेने होते. हे त्यांना सांगायचं.

सहा-सात मिनिटांनी पाणी जोरात उकळायला लागलं आणि चित्र पालटलं. नळीच्या तोंडाशी बुडबुडा फुगतो आणि तिथल्या तिथे मिटतो. वर काहीच येत नाही. पाण्याचा पृष्ठभाग जवळजवळ शांत, आणि चंचुपात्रातून कट-कट-कट असा आवाज, काचेवर कोणी नखाने टकटक करतंय तसा. चंबूत बुडबुड्यांचा धुमाकूळ चालू आहे, नळीतून काहीतरी सतत येतंय, आणि पलीकडे पोचत काहीच नाही. हवा असती तर गेली कुठे?

चंचुपात्रावर आधी पेनाने पाण्याच्या पातळीची रेघ मारून ठेवली होती. पाच मिनिटांत पाणी रेघेच्या थोडं वर सरकलं आणि पात्र बाहेरून चांगलंच गरम झालं. दहाएक ग्रॅम वाफेचं पाणी झालं की २०० मिली पाणी जवळजवळ तीस अंशांनी तापतं, हिशोब तसाच येतो.

इथे वेळेचं भान ठेवावं लागतं. पात्रातलं पाणी तापत गेलं की बुडबुडे मोठे होतात, सावकाश मिटतात, आणि शेवटी वरपर्यंत पोचायला लागतात. तेव्हा मागच्या बाकावरचं कोणीतरी नक्की ओरडणार, "आले, आले, हवाच आहे!" म्हणून पात्रात मधेमधे बर्फाचा खडा टाकायचा. खरं तर एकदा मुद्दाम तापू द्यावं, बुडबुडे वर येऊ द्यावेत, मग बर्फ टाकून ते परत मिटताना दाखवावेत. नुसतं मिटताना पाहण्यापेक्षा हे जास्त पटतं.

आता धोक्याची गोष्ट. दिवा आधी विझवला आणि नळी पाण्यातच राहिली, तर चंबूतल्या वाफेचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि पात्रातलं गार पाणी नळीतून सुसाट मागे चढून तापलेल्या चंबूत शिरतं. काच साधी असेल तर तडकते. क्रम कायम हाच: आधी नळी पाण्याबाहेर, मग दिवा. खोक्याच्या झाकणावर लाल अक्षरात चिकटवून ठेवलं आहे, कारण पुढच्या वर्षी हे खोकं दुसऱ्या कोणाच्या हाती असेल.

बुचात नळी घालताना नळीला पाणी लावून, दोन्ही हातांना फडकं गुंडाळून, फिरवत फिरवत घालायची. सरळ दाबली की मोडते आणि तळहातात घुसते. दिवा लावायच्या आधी नळीतून एकदा फुंकर मारून ती मोकळी आहे हे पाहायचं.

१६ जुलै

पांढऱ्या ढगाची चाचणी त्याच चंबूवर. नळी बदलली: दुहेरी वाकलेलीऐवजी एकच बाक असलेली, तोंड आडवं, टोक थोडं निमुळतं. मागे काळा पुठ्ठा, बाजूने मोबाइलचा टॉर्च. खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, कारण वाऱ्याची झुळूक आली तरी सगळं विस्कटतं.

उकळी चढल्यावर नळीच्या तोंडाला लागून एक-दीड सेंटिमीटर काहीच दिसत नाही. पुठ्ठा स्वच्छ काळा. त्यापुढे पांढरा ढग सुरू होतो आणि आणखी पुढे तोही विरून जातो. म्हणजे आधी न दिसणारं, मग पांढरं, मग पुन्हा न दिसणारं. नळीतून आलेला वायू, त्याचे हवेत गार होऊन झालेले बारीक थेंब, आणि ते थेंब परत हवेत उडून गेले. एका वितीच्या अंतरात पाणी दोनदा अवस्था बदलतं.

चिमट्यात धरलेला कोरडा, गार स्टीलचा चमचा त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत नेला. क्षणात ओला. मग पेटती मेणबत्ती ढगाच्या खाली धरली, तर ज्योतीच्या वरचा पांढरा भाग नाहीसा झाला. थेंब तापून पुन्हा वायू झाले. मुलं पांढऱ्याला वाफ म्हणाली तर अडवणार नाही. एवढंच विचारायचं, "वायू असेल तर तापवल्यावर गेला कुठे? आणि तोंडाजवळ काही नाही, तर चमचा ओला कसा झाला?"

स्पिरिटचा दिवा मंद असेल तर ही रिकामी जागा अगदीच बारीक होते आणि तिसऱ्या बाकापासून दिसत नाही. वात वर ओढली, चंबूत पाणी ३० मिली केलं, तेव्हा नीट दिसलं. तरीही सगळ्या वर्गाला जागेवरून दिसेल असं काही नाही. आठ-आठच्या गटाने टेबलाच्या एका बाजूला, हातभर लांब, खुणेच्या रेघेमागे उभं करावं लागेल.

परवा सकाळी अंजनेरीवर इतका ढग उतरला होता की डोंगर दिसत नव्हता. त्र्यंबककडून येणारी मुलं या महिन्यात रोज त्यातूनच येतात. शेवटचा प्रश्न तोच ठेवतो: त्या ढगातून चालताना केस ओले होतात, तर तो ढग कोणत्या अवस्थेत आहे?

१७ जुलै

आमच्या भूगोलाच्या मॅडमना आराखडा दाखवला. त्यांचं म्हणणं: "सर, तापमापी नाही घातलात तर हा पाठ अर्धाच. बर्फ वितळताना पारा शून्यावर थांबतो, उकळताना शंभरावर थांबतो, हे नको दाखवायला?"

मुद्दा खरा आहे, पण वेळ बघा. १०० ग्रॅम बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सव्वापट तेच पाणी उकळीपर्यंत न्यायला लागते, आणि ते सगळं उकळून संपवायला जवळजवळ सातपट. आपल्या दिव्यावर वितळायला सहा मिनिटं धरली तर उकळी यायला आणखी साडेसात आणि आटवायला चाळीस. ही गणितातली मिनिटं झाली. प्रत्यक्षात भांडं तापतं, हवेत उष्णता जाते, त्यामुळे उकळीला आणखी उशीर होतो. जोडतास सत्तर मिनिटांचा. तापमापीचा आलेख हा वेगळा पाठ आहे, पुढच्या आठवड्यात घेतो म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "घ्या, पण मग शंभरचं काय करणार ते आत्ताच ठरवा. समुद्र सोडून आपण वर आहोत."

हे त्यांचं बरोबर. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनांक एका अंशाने उतरतो, म्हणजे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. पुस्तकात १००, आणि मुलगा तापमापी वाचून सांगणार ९८. अशा वेळी "तापमापी जरा चुकते" म्हणून आकडा पुढे ढकलायची सवय आहे. मला ते पटत नाही. मुलाने बरोबर वाचलं आहे.

पण तापमापी खरंच चुकीची असू शकते, शाळेतल्या स्वस्त तापमाप्या एक-दोन अंश इकडेतिकडे दाखवतात. म्हणून आधी ती शून्याला तपासायची. बर्फ फोडून बारीक करायचा, थोडं पाणी घालून चिखलासारखा करायचा, फुगा त्यात बुडवून ढवळत राहायचं. नुसत्या बर्फाच्या खड्यांत ठेवली तर मधल्या पोकळीतल्या हवेमुळे दोन-तीन अंश जास्त दाखवते, आणि फ्रीजमधून नुकताच काढलेला कोरडा बर्फाचा खडा शून्याच्या बराच खाली असतो. कपाटातल्या दोन तापमाप्यांपैकी एकीने शून्य दाखवलं, दुसरीने एक. पहिली घेतली. तिने उकळत्या पाण्यात ९८ दाखवले.

"नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे का?" असंही मॅडमनी विचारलं. नाही. क्षारांनी उत्कलनांक वाढतो, उतरत नाही, आणि पिण्याच्या पाण्यात ते इतके थोडे असतात की या तापमापीवर ते दिसणारच नाहीत.

तापमापीचा हा पाठ पुढे गेला तरी ९८ चा आकडा वहीत नोंदवून ठेवला. मुंबईला मामाकडे जाणाऱ्या मुलांना तिथे मोजून आणायला सांगता येईल.

१९ जुलै

सुरक्षेच्या गोष्टी मुख्याध्यापकांसमोर लिहून द्यायच्या होत्या. त्यातली एकच इथे सविस्तर लिहितो, कारण तिच्यामागचं कारण पाठाचाच भाग आहे.

"उकळत्या पाण्याने भाजतं, वाफेने काय होतंय" असं मोठी माणसंही म्हणतात. एक ग्रॅम उकळतं पाणी त्वचेवर पडून अंगाइतकं निवेपर्यंत सुमारे २५० जूल उष्णता देतं. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होतानाच सुमारे २२६० जूल देते आणि मग वर ते २५० वेगळे. म्हणजे दहापट. आणि नळीच्या तोंडाची सगळ्यात घातक जागा नेमकी ती आहे जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही. मुलांचं बोट तिथेच जाणार, "इथे तर काही नाही" म्हणून. त्यामुळे चमचा चिमट्यातच धरायचा आणि तो मीच धरणार. पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतायचं नाही, बाटली दुसऱ्या खोलीत.

बर्फ कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याकडून, थर्मोकोलच्या खोक्यात. दुपारी तीनला आणायचं मामांनी कबूल केलं आहे. खिचडीच्या मावशींनी वजनकाटा द्यायचं मान्य केलं, अट एकच: "ओला परत करू नका."

२२ जुलै

सहावी अ, जोडतास.

सुरुवात डब्याने केली, कारण त्याला वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात चंबू उकळीला येतो. मुलांनी आधी हात वर करून अंदाज सांगितला: वजन वाढेल, कमी होईल, तेवढंच राहील. "तेवढंच राहील" ला सगळ्यात जास्त हात. वीस मिनिटांनी पाच ग्रॅम वाढले, तेव्हा वर्गातला गोंगाट ऐकण्यासारखा होता. लगेच एकजण उठून म्हणाला, "सर, झाकणातून हवा आत गेली असेल." चांगला आक्षेप. मग साध्या पाण्याच्या डब्यातही गेली असती, त्याचं वजन का नाही वाढलं, असं पुढच्या बाकावरच्या मुलीने परस्पर त्याला विचारलं. मला बोलावंच लागलं नाही.

सुगड सकाळपासून सात ग्रॅमनी उतरलं होतं. त्यावर फार थांबलो नाही, त्यांनीच लावून घेतलं.

बुडबुड्यांच्या वेळी कट-कट आवाज ऐकायला वर्ग इतका शांत झाला की पंखा बंद करावा लागला. बर्फाचा खडा टाकून बुडबुडे मिटवायचा भाग दोनदा करून मागितला. पण पाठ संपल्यावर एक मुलगी टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, पहिले बुडबुडे वर आले ते हवेचे, नंतरचे नाही आले ते वाफेचे, असं तुम्ही सांगितलं. पण पहिल्या बुडबुड्यात हवाच होती हे कुठे दाखवलं?"

खरंच, ते मी नुसतं सांगितलं होतं, मांडणीत त्याला काही नव्हतं.

२३ जुलै

ब तुकडीसाठी बदल. चंचुपात्रात नळीच्या टोकावर पाण्याने काठोकाठ भरलेली परीक्षानळी उलटी धरायची. सुरुवातीचे बुडबुडे तिच्यात वर जाऊन जमतात आणि पाणी खाली ढकलतात. ती भरली की दुसरी धरायची, तीही भरली की तिसरी. चंबूत हवा असेपर्यंत नळ्या भरत राहतात. खळखळून उकळी आल्यावर धरलेल्या नळीत मात्र वर काही जमत नाही, जमलंच तर राहिलेल्या हवेचा एखादा मणी. पहिल्या नळीत जमलेलं तासभर तसंच राहतं, गार पाण्याने त्याचं पाणी होत नाही. आज दुपारी करून पाहिलं, नीट होतं. फक्त नळ्या उलट्या धरायला दुसरा माणूस लागतो किंवा दुसरा चिमटा.

पाच परीक्षानळ्या आणि स्टँडचा दुसरा चिमटा मामांना काढून ठेवायला सांगितला आहे. ब तुकडी शुक्रवारी. बर्फ यावेळी दोन किलो जास्त, कारण अ तुकडीने अर्धा खाऊन टाकला.